अडलेल्या कामाची कमेंट: कुणाकडून, काय आणि कधीपर्यंत

सायली_एम | १२ फेब्रुवारी २०२६, दुपारी १२.१०

नमस्कार मंडळी. आमचं काम पेमेंटच्या सॉफ्टवेअरचं. एका बँकेच्या एसएफटीपी सर्व्हरवरून रोज सेटलमेंटची फाइल उचलायची आहे. सोमवार, २३ फेब्रुवारीला गो-लाइव्ह ठरलंय, आणि गाडी कनेक्शनवरच अडलीय. जिराच्या तिकिटावर सोमवारी आमच्या टीममधल्या मुलाने कमेंट टाकली. मूळ इंग्रजीत आहे, मतलब असा:

"नमस्कार टीम, बँकेच्या एसएफटीपी सर्व्हरला कनेक्ट होता येत नाही. आमचं काम ब्लॉक झालं आहे. कृपया लवकरात लवकर बघावे. अर्जंट."

त्यावर काल एकच उत्तर आलं: "पाहतो." बस्स. मुलगा हुशार आहे, काम चोख करतो, पण अशी कमेंट कशी लिहावी हे त्याला कुणी शिकवलेलंच नाही. आज बसून नवीन लिहायची आहे. बँकेकडच्या माणसाने वाचल्या वाचल्या कामाला लागावं यासाठी त्यात नेमकं काय असायला हवं?

---

कौस्तुभ_डी | दुपारी १२.२५

तिकिटाची प्रायॉरिटी ब्लॉकर करा, फ्लॅग लावा आणि दोन्हीकडच्या मॅनेजरना टॅग करा. वरून फोन गेला की सगळं हलतं. कमेंट कितीही सुंदर लिहा, वरचं कुणी बघत नसेल तर ती तिथेच पडून राहते.

---

शुभदा_टेस्टिंग | दुपारी १२.४०

ब्लॉकर लिहिताना आम्ही नेहमी पायऱ्या देतो: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, कुठल्या बिल्डवर. स्क्रीनशॉट हवाच. आणि तारीख-वेळ सेकंदासकट, म्हणजे डेव्हलपरला लॉगमध्ये ती ओळ सापडते. तुमच्या मुलाने बिल्ड नंबर दिलाय का?

---

जुना_नेटवर्कवाला | दुपारी १.०५

शुभदाताई, तुम्ही सांगताय ते ब्लॉकर बगबद्दल. इथे मोडलेलं काहीच नाही, दार अजून उघडलेलं नाही इतकंच. पण वेळ सेकंदासकट द्यायची ही सूचना इथेही सोन्यासारखी आहे, त्यावर येतो.

सायली, आधी चार गोष्टी सांगा. एरर शब्दशः काय येते? कुठल्या मशीनवरून बघितलं? कमेंटमध्ये टॅग कुणाला केलंय? आणि ती कमेंट बँकेला दिसते तरी का? सर्व्हिस डेस्कचं तिकीट असेल तर `Internal note` आणि `Reply to customer` हे वेगवेगळे असतात. आतली नोट बाहेरच्या माणसाला दिसतच नाही. तुम्हाला उत्तर आलंय म्हणजे दिसत असणार, तरी उत्तर देणारा बँकेतलाच आहे ना, हे बघून घ्या.

---

सायली_एम | दुपारी १.३०

उत्तर देणारे गृहस्थ बँकेतलेच, त्यांच्याकडच्या सेटलमेंट अॅप्लिकेशनचे मालक. टॅग मात्र एका ग्रुपला केलाय, त्यात आमचेही लोक आहेत. एरर ही (पत्ता बदललाय):

```
$ nc -vz -w 5 203.0.113.25 22
nc: connect to 203.0.113.25 port 22 (tcp) timed out
```

आमच्या क्लाउडमधल्या सर्व्हरवरून बघितलं. मुलाने नंतर आमचा आयपीही कळवला होता, `10.20.4.17`.

---

जुना_नेटवर्कवाला | दुपारी २.१५

घोडं कुठे अडलंय ते आता दिसलं. जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, आयपी. `10.` ने सुरू होणारा पत्ता तुमच्या घरातला आहे, बँकेला तो कधीच दिसणार नाही. तुमचा सर्व्हर बाहेर पडतो तो नॅट गेटवेमधून, आणि बँकेच्या फायरवॉलला त्या गेटवेचा सार्वजनिक पत्ता दिसतो. त्याच सर्व्हरवर बसून हे चालवा:

```
curl https://checkip.amazonaws.com
```

जो पत्ता येईल तोच कमेंटमध्ये द्यायचा. तो कायमचा आहे का, हेही तुमच्या क्लाउडवाल्या माणसाकडून पक्कं करून घ्या. तात्पुरता असेल तर आज नियम उघडतील आणि पुढच्या महिन्यात पुन्हा बंद पडेल. आणखी एक, चाचणी आणि प्रत्यक्ष वापर वेगळ्या सर्व्हरवरून होणार असेल तर दोन्हीचे पत्ते एकदमच द्या.

दुसरी, एरर. `timed out` म्हणजे तुमचं पाकीट गेलं आणि उलट काहीच आलं नाही. बहुतेक वेळा मधल्या फायरवॉलने ते मुकाट्याने टाकून दिलेलं असतं. `refused` आलं असतं तर पाकीट कुठेतरी पोचलं आणि तिथून नकार आला. मग सर्व्हरवर ती सेवा चालू आहे का, हा प्रश्न आधी विचारावा लागतो, आणि तो वेगळ्या माणसाला. अर्थात काही फायरवॉल टाकून न देता नकार कळवतात, त्यामुळे एवढ्यावरून शपथ घेऊ नका. टाइमआउट तुमच्याच बाजूने बाहेर जायला बंदी असल्यामुळेही येतो. आधी तुमचा बाहेर जाणारा नियम तपासा आणि "आमच्याकडून बाहेर जाणं उघडं आहे, तपासलं" असं कमेंटमध्ये लिहा. नाहीतर त्यांचा पहिला प्रश्न तोच येणार आणि एक दिवस त्यात जाणार.

इथे शुभदाताईंची वेळ कामी येते. आत्ता एकदा `nc` चालवा आणि घड्याळ बघून लिहा: आज १४:४२:१० भारतीय वेळ, अमुक पत्त्यावरून. बँकेचा नेटवर्कवाला आपल्या लॉगमध्ये त्या वेळेला तो पत्ता शोधेल. अडवल्याची नोंद सापडली तर कुठल्या फायरवॉलवर ते लगेच कळेल. काहीच सापडलं नाही तर पाकीट त्यांच्यापर्यंत आलंच नाही, हेही कळेल.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. ज्या गृहस्थांनी "पाहतो" लिहिलं, त्यांच्या हातात फायरवॉल नाही. ते अॅप्लिकेशनचे मालक. "कनेक्ट होत नाही, बघा" म्हटल्यावर त्यांनी करायचं काय? पोर्ट त्यांना उघडता येत नाही. बाहेरच्या कंपनीचं तिकीट बँकेची नेटवर्क टीम घेत नाही, आतल्या कुणीतरी चेंज रिक्वेस्ट टाकावी लागते. ती टाकणं मात्र त्यांच्या हातात आहे. तेव्हा मागणी "पोर्ट उघडा" अशी करू नका. "या आकड्यांनिशी तुमच्याकडे चेंज रिक्वेस्ट टाका आणि तिचा नंबर इथे कळवा" अशी करा. ज्याला टॅग करताय त्याला स्वतःच्या हाताने करता येईल एवढंच त्याच्याकडे मागायचं.

---

अण्णा_साइटवरून | दुपारी २.५०

मी बांधकामातला, तुमचं नेटवर्क मला कळत नाही. पण कन्सल्टंटकडून उत्तर काढणं हे आमचं रोजचं. नाशिकला एका स्लॅबच्या वेळी एका बीमची सळई स्ट्रक्चरल ड्रॉइंगमध्ये २० एमएमची आणि बार बेंडिंग शेड्यूलमध्ये १६ ची. आमच्या पोराने मेल टाकला, "ड्रॉइंगमध्ये तफावत आहे, खुलासा करावा." उत्तर नाही. मग मी लिहिलं: अमुक शीट, अमुक बीम, तळाची सळई, ड्रॉइंगमध्ये २०, शेड्यूलमध्ये १६. आम्ही २० धरतोय. बरोबर असेल तर फक्त "हो" कळवा, नसेल तर आकडा कळवा. शनिवारी सकाळी काँक्रीट यायचंय, सळई कापून बांधायला एक दिवस लागतो, म्हणून गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत हवं. अर्ध्या तासात "हो" आलं. तो माणूस दुसऱ्या साइटवर उन्हात उभा असतो, त्याला मोबाइलवर एका शब्दात उत्तर देता आलं पाहिजे.

---

कौस्तुभ_डी | दुपारी ३.००

अण्णा, मान्य. पण तुमचा कन्सल्टंट एकटा होता. बँकेत दहा हातांमधून जातं. मॅनेजर लागतोच.

---

परदेशी_पाटील | दुपारी ३.२०

न्यू जर्सीहून. "कधीपर्यंत" लिहिताना "आज दिवसअखेर" कधीच लिहू नका. माझ्या इथले संध्याकाळचे पाच म्हणजे सध्या तुमच्याकडे दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे साडेतीन. ८ मार्चला इथली घड्याळं एक तास पुढे जातील, मग तेच अडीच होतील. तारीख, वार, वेळ आणि कुठली वेळ, चारही लिहा. वार लिहिल्याने एक फायदा असा की तारीख चुकली असेल तर वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं.

---

सायली_एम | दुपारी ४.०५

सगळ्यांचे मनापासून आभार. आयपी बघितला, वेगळाच निघाला, आणि कायमचा आहे हे क्लाउडवाल्याने सांगितलं. चाचणी आणि वापर दोन्ही त्याच गेटवेमधून जाणार. बाहेर जायचा नियमही उघडा आहे. बँकेच्या गृहस्थांना फोन केला, ते खरंच म्हणाले की नेटवर्कचे बदल फक्त बुधवारी आणि शनिवारी रात्री होतात, आणि बुधवारसाठी फॉर्म सोमवारी दुपारी ४ च्या आत जावा लागतो. कच्चा मसुदा असा:

"@(गृहस्थांचं नाव), एसएफटीपीसाठी तुमच्याकडून फायरवॉलची चेंज रिक्वेस्ट हवी आहे. कुठून `198.51.100.40`, कुठे `203.0.113.25`, टीसीपी पोर्ट २२. कृपया सोमवार, १६ फेब्रुवारी, दुपारी ४ भारतीय वेळेपर्यंत टाकून नंबर इथे कळवा. त्यानंतर बुधवारी रात्री बदल होईल आणि गुरुवार-शुक्रवार आम्ही चाचणी करू."

चालेल?

---

ठाणेकर_बँकवाली | दुपारी ४.४०

मी एका बँकेत अगदी याच खुर्चीत बसते, अॅप्लिकेशनच्या बाजूने. तुमच्यासारख्या कंपन्यांच्या कमेंटी मला रोज येतात. मसुदा चांगला आहे, पण माझ्याकडे हा आला असता तर तीन ठिकाणी मी थांबले असते.

एक, गुरुवारी १९ फेब्रुवारी. शिवजयंती आहे, महाराष्ट्रात बँकांना सुट्टी. गुरुवारी चाचणीच्या वेळी आमच्याकडे फोन उचलायला कुणी नसेल. बुधवारी रात्री काही चुकलं तर ते शुक्रवारीच कळणार आणि पुढची खिडकी शनिवारची, म्हणजे सोमवारचं गो-लाइव्ह गेलं. एक जमेची बाजू आहे. शनिवार २१ हा महिन्यातला तिसरा शनिवार, आम्ही चालू असतो. म्हणजे शुक्रवारची आणि शनिवारची अशा दोन दिवसांच्या फाइल तुम्हाला तपासायला मिळतील, तुमचं ऑफिस शनिवारी कुणाला बसवणार असेल तर. उलट परवाचा १४ तारखेचा शनिवार दुसरा, त्या दिवशी बंद. रविवारी महाशिवरात्र. तुम्ही सोमवार ४ ची मुदत दिलीत म्हणजे त्या माणसाच्या हातात उद्याचा दिवस आणि सोमवारचा अर्धा दिवस. मी असते तर उद्या संध्याकाळची वेळ मागितली असती आणि सोमवार ४ ही फॉर्मची शेवटची वेळ आहे असं वेगळं लिहिलं असतं.

दोन, फॉर्ममध्ये आणखी रकाने असतात. कनेक्शन कोण सुरू करणार, तुम्ही की आम्ही? नियम कायमचा की ठरावीक मुदतीचा? कशासाठी? हे मला तुम्हाला उलट विचारावं लागतं आणि तोवर फॉर्म अर्धवट पडतो. सगळं एका ठोकळ्यात दिलंत तर मी सरळ चिकटवते.

तीन, पोर्ट उघडल्यावर तुम्ही लॉगिन कशाने करणार? की असेल तर तुमची पब्लिक की आमच्या सर्व्हर टीमला चढवावी लागते, ती वेगळी विनंती. बऱ्याच कंपन्या ती पोर्ट उघडल्यावर `Permission denied (publickey)` बघून मागतात, आणि पुन्हा आठवडा जातो. आजच मागा. फक्त पब्लिक की, `.pub` ने संपणारी फाइल. दुसरी फाइल तिकिटावर चुकूनही चढवू नका, आणि पासवर्ड तर नकोच.

---

जुना_नेटवर्कवाला | दुपारी ४.५५

शिवजयंती माझ्याही लक्षात आली नव्हती. बुधवारी रात्रीच चाचणी उरकायची तर तुमचा माणूस त्या वेळी जागा हवा आणि त्याचा नंबर त्यांच्याकडे हवा. बदल करणारा सहसा पाच-दहा मिनिटं थांबतो आणि तिकीट बंद करून निघून जातो.

---

सायली_एम | संध्याकाळी ५.३५

हे आत्ता टाकलं. मूळ इंग्रजीत, इथे मराठी करून देतेय:

"@(गृहस्थांचं नाव), तुमच्याकडून दोन गोष्टी हव्या आहेत, शुक्रवार १३ फेब्रुवारी, संध्याकाळी ५ भारतीय वेळेपर्यंत:
१) खालच्या तपशिलांनिशी नेटवर्क चेंज रिक्वेस्ट, बुधवार १८ च्या रात्रीच्या खिडकीसाठी.
२) सोबतची पब्लिक की आमच्या युजरला लावण्याची सर्व्हर टीमकडे विनंती, तीही बुधवार संध्याकाळच्या आत पूर्ण व्हावी.
दोन्हींचे नंबर इथे कळवा, पुढचा पाठपुरावा आम्ही त्यावर करू.

```
Source:      198.51.100.40 (static)
Destination: 203.0.113.25
Port:        TCP 22
Initiated by: Source
Duration:    Permanent
Purpose:     Daily settlement file pickup
```

आत्ताची स्थिती: आज १७:१२:३० भारतीय वेळेला वरच्या पत्त्यावरून प्रयत्न केला, टाइमआउट. आमच्याकडून बाहेर जाणं उघडं आहे, तपासलं. याआधी कळवलेला `10.20.4.17` कृपया वापरू नये.

तारीख का: बुधवारच्या खिडकीचा फॉर्म सोमवार १६, दुपारी ४ ला बंद होतो, मध्ये १४ आणि १५ सुट्टी. १९ ला बँक बंद असल्याने चाचणी शुक्रवार २० आणि शनिवार २१ च्या फाइलवर होईल. बुधवारची खिडकी चुकली तर २३ चं गो-लाइव्ह पुढे न्यावं लागेल.

बुधवारी रात्री आमचा माणूस जागा राहील, नंबर तुम्हाला मेलने पाठवला आहे. बदल झाला की तो लगेच तपासून इथे लिहील.

फॉर्म तुमच्या ऐवजी दुसऱ्या कुणी टाकायचा असेल तर फक्त नाव कळवा."

---

ठाणेकर_बँकवाली | संध्याकाळी ५.५०

शेवटची ओळ फार चांगली. निम्म्या वेळा माणूस गप्प बसतो कारण काम त्याचं नसतं आणि कुणाचं ते लिहायचा त्याला कंटाळा असतो.

---

कौस्तुभ_डी | संध्याकाळी ६.१०

छान झालीय. तरी मी मॅनेजरना आजच टॅग केलं असतं. "गो-लाइव्ह पुढे जाईल" हे वाक्य त्यांच्या नजरेसमोर यायला हवं. आणि मुदत आज संध्याकाळची दिली असती. उद्याची दिली की परवा होतं.

---

ठाणेकर_बँकवाली | संध्याकाळी ६.२५

मी असहमत. पहिल्याच नेमक्या कमेंटला माझा साहेब टॅग झाला तर मी आधी साहेबाला उत्तर देत बसते, फॉर्म मागे पडतो. आणि खोटी मुदत एकदा पकडली गेली की त्या कंपनीच्या पुढच्या सगळ्या मुदती मी दोन दिवस पुढे धरते. सायलीने तारखेचं कारण लिहिलंय, ते मला माझ्या कॅलेंडरवर पडताळता येतं, म्हणून मी ती पाळते.

---

परदेशी_पाटील | संध्याकाळी ६.४०

मला दोघांचंही थोडं पटतं. इथे आम्ही साहेबांना कधी टॅग करणार ते आधीच लिहून ठेवतो: अमुक वेळेपर्यंत नंबर आला नाही तर अमुक व्यक्तीला कळवू. सांगून केल्यामुळे चुगली वाटत नाही. पण भारतातल्या बँकेत ही ओळ धमकी वाटेल का, ते मला सांगता येणार नाही.

---

अण्णा_साइटवरून | संध्याकाळी ७.०५

आमच्याकडे वाटेल. आम्ही तोंडी सांगतो, कागदावर नाही.

---

सायली_एम | १३ फेब्रुवारी, दुपारी ३.१५

चेंज रिक्वेस्टचा नंबर सकाळी आला, ठोकळा जसाच्या तसा फॉर्ममध्ये गेला असं ते म्हणाले. लॉगमध्ये कालच्या १७:१२ च्या नोंदीही त्यांच्या नेटवर्कवाल्याला सापडल्या, बाहेरच्या फायरवॉलवरच अडलंय. पब्लिक की चढवायची विनंती मात्र त्यांच्या हातात नाही, सर्व्हर टीमच्या प्रमुखांचं नाव त्यांनी दिलं. त्या सोमवारपर्यंत रजेवर आहेत आणि त्यांच्या जागी कोण, ते तिकिटावर दिसत नाही. अशा वेळी नवीन कमेंट टाकायची, की पब्लिक कीसाठी वेगळं तिकीट काढून हे त्यावर अडलंय असं जोडायचं? मला वेगळं तिकीट बरं वाटतंय, कारण दोन्हींच्या मुदती वेगळ्या आणि माणसंही वेगळी.

---

जुना_नेटवर्कवाला | १३ फेब्रुवारी, दुपारी ३.४०

वेगळं काढा आणि `is blocked by` ने जोडा. पण त्याआधी त्या गृहस्थांना फोन करून रजेतल्या बाईंच्या जागी सही कोण करतं एवढंच विचारा. नाव मिळाल्याशिवाय तिकीट टाकलंत तर ते त्यांच्याच नावावर सोमवारपर्यंत बसून राहील.